एक संध्याकाळ 120 पानांत, दहा वर्षं 20 पानांत: कादंबरीतला काळ कसा मोजायचा

कथनमीमांसेच्या पेपरात कादंबरीतल्या काळावर प्रश्न आला की बहुतेक उत्तरं एकाच वळणाने जातात. ‘या कादंबरीत फ्लॅशबॅकचा प्रभावी वापर केला आहे’, ‘काळ सरळ रेषेत जात नाही’, ‘लेखिका काळाशी खेळते’. ही वाक्यं खोटी नसतात, पण ती शंभर कादंबऱ्यांना लागू पडतात, म्हणून त्यांना गुण मिळत नाहीत. काळाचं विश्लेषण हे आधी मोजमापाचं काम आहे आणि मग अर्थ लावायचं. मोजमाप केलेलं असलं की अर्थ लावायला नेमकं काहीतरी हाती लागतं.

इथे मी एकच कादंबरी घेऊन सगळं काम करून दाखवतो: व्हर्जिनिया वुल्फची 1927 सालची ‘टू द लाइटहाउस’. ती निवडायचं कारण म्हणजे तिच्यातली काळाची मांडणी नुसत्या डोळ्यांनीही दिसते. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरचं उन्हाळी घर, तिथे रॅम्झी कुटुंब आणि त्यांचे पाहुणे. तीन भाग आहेत. पहिल्यात सप्टेंबरातली एक संध्याकाळ आणि रात्र, दुसऱ्यात दहा वर्षं, तिसऱ्यात त्याच घरातली एक सकाळ. सहा वर्षांच्या जेम्सला दुसऱ्या दिवशी दीपगृहावर जायचं असतं. वडील म्हणतात, हवा खराब असेल, जाता येणार नाही. जाणं घडतं ते दहा वर्षांनी, आणि तोवर आई राहिलेली नसते.

आधी कालपट तयार करा

वही उघडा आणि कादंबरीत घटना ज्या क्रमाने सांगितल्या आहेत तो क्रम बाजूला ठेवून त्या ज्या क्रमाने घडल्या तो क्रम लिहून काढा. कथनमीमांसेत यालाच कथेचा काळ आणि कथनाचा काळ वेगळे करणं म्हणतात. कथेचा काळ तासांत, दिवसांत, वर्षांत मोजायचा, कथनाचा काळ पानांत आणि ओळींत. हा भेद गुंथर म्युलर या जर्मन अभ्यासकाने 1940च्या दशकात नीट मांडला आणि जेरार जेनेत याने 1972 साली त्यावर क्रम, कालावधी आणि वारंवारता अशी तीन अंगांची पद्धत उभी केली. तुमच्या अभ्यासक्रमात बहुधा हीच पद्धत असेल.

कालपट लिहिताना एक शिस्त पाळायची: संहितेत जे आहे तेवढंच लिहायचं. आपल्या कादंबरीत साल कुठेही दिलेलं नाही. दुसऱ्या भागात युद्ध येतं, ते पहिलं महायुद्ध आहे हे उघड आहे, आणि मग विद्यार्थी बेधडक ‘पहिला भाग 1910 मध्ये घडतो’ असं लिहून टाकतात. तसं लिहू नका. ‘युद्धाच्या काही वर्षं आधीची, सप्टेंबरच्या मध्यातली संध्याकाळ, सहा वाजून गेलेले’ एवढं संहिता सांगते. तेवढंच कालपटात जातं.

संहितेतल्या खुणा एकमेकींशी जुळवूनही पाहा. जेम्स पहिल्या भागात सहा वर्षांचा, तिसऱ्यात सोळाचा. तिसऱ्या भागात दहा वर्षं झाल्याचा उल्लेखही आहे. पण चित्रकार लिली ब्रिस्को पहिल्या भागात तेहेतीस वर्षांची आहे आणि तिसऱ्यात चव्वेचाळीस. वाढदिवस मध्ये कुठेतरी बसवून हा हिशेब जेमतेम जुळवता येतो, पण तो जुळवत बसणं हे आपलं काम नाही. विसंगती दिसली की ती टीप म्हणून लिहून ठेवायची, दुरुस्त करायची नाही. या कादंबरीत वयं ज्याच्या त्याच्या मनात येतात, निवेदक जन्मतारखा सांगत नाही, हे त्या टिपेतून नंतर उपयोगी पडतं.

मग वेग काढा

वेग म्हणजे कथेच्या किती काळाला कथनाची किती पानं मिळाली याचं प्रमाण. साधारण दोनशे पानांच्या आवृत्तीत आपल्या कादंबरीच्या तीन भागांना सुमारे 120, 20 आणि 65 पानं मिळतात. तुमच्या आवृत्तीत आकडे थोडे इकडेतिकडे होतील, प्रमाण तेच राहील. ते स्वतः मोजा, कारण पान क्रमांक देताना तुम्हाला तीच आवृत्ती शेवटपर्यंत वापरायची आहे.

पहिला भाग संध्याकाळी सुरू होतो आणि जेवणानंतर, झोपायच्या वेळेच्या आसपास संपतो. पाच-सहा तास धरा. म्हणजे तासाला वीस ते चोवीस पानं. हा वाचायच्या वेळेच्या जवळपास जाणारा वेग आहे. दुसऱ्या भागात वर्षाला दोन पानं. तिसऱ्या भागात सकाळच्या नाश्त्यापासून दुपारपर्यंत पाच तास धरले तर तासाला तेरा पानं. हे अंदाज आहेत आणि ते अंदाज म्हणूनच लिहायचे. दशांश चिन्हापुढे आकडे लिहिलेत तर परीक्षक हसेल.

एवढ्यावर थांबलात तर मात्र फसाल, कारण सरासरी वेग भागाच्या आतली हालचाल लपवतो. पहिल्या भागातलं जेवणाचं प्रकरण एकटंच जवळजवळ तीस पानांचं आहे. याच्या उलट दुसऱ्या भागाचं पाहा. ‘दहा वर्षं वीस पानांत’ म्हटलं की वाटतं सगळा भाग सारख्या वेगाने धावतो. प्रत्यक्षात सुरुवातीची दोन छोटी प्रकरणं त्याच रात्रीची आहेत. समुद्रावरून मंडळी परत येतात, एकेक दिवा विझतो, कवी कारमायकेल व्हर्जिल वाचत जागा राहतो आणि मध्यरात्रीनंतर मेणबत्ती विझवतो. मग तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात निवेदक विचारतो, एक रात्र म्हणजे असं काय मोठंसं? आणि तिथून रात्रींवर रात्री, ऋतूंवर ऋतू उलटायला लागतात. भागाच्या शेवटी लिली त्याच घरात सकाळी जागी होते.

म्हणजे या भागाला दोन कालमापं आहेत. आराखडा एका रात्रीचा आहे, झोपण्यापासून उठण्यापर्यंत, आणि त्यात भरलेला ऐवज दहा वर्षांचा. फक्त पानं आणि वर्षं यांचा भागाकार करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून भागाचा वेग काढल्यावर प्रकरणाचा काढा, आणि जिथे प्रकरणाचा वेग एकदम बदलतो तिथे समासात खूण करा. पुढचं सगळं काम या खुणांच्या जागी होतं.

वेगाची नावं जपून वापरा

जेनेतने वेगाचे चार प्रकार सांगितले. प्रसंगात दोन्ही काळ साधारण सारखे चालतात, संवाद हा त्याचा नमुना. सारांशात कथेचा काळ मोठा आणि कथन थोडक्यात असतं. विरामात कथा थांबलेली असते, वर्णन चालू राहतं. आणि लोपात काळ जातो पण पानावर काहीच येत नाही. सेमूर चॅटमनने 1978 साली पाचवा प्रकार जोडला, ताण: कथनाला प्रत्यक्ष घटनेपेक्षा जास्त वेळ लागतो, सिनेमातल्या स्लो मोशनसारखा. आधुनिक कादंबरीला हा पाचवा प्रकार लागतोच. तुमचे सर किंवा मॅडम फक्त जेनेत शिकवत असतील तर ‘चॅटमनच्या मांडणीनुसार’ असं म्हणून तो वापरा.

नावं देणं सोपं आहे, ती चुकीच्या जागी बसवणंही सोपं. त्यासाठी एक प्रकरण जवळून पाहू.

पहिल्या भागातलं पाचवं प्रकरण. मिसेस रॅम्झी मोजा विणते आहे, तो दीपगृहाच्या रखवालदाराच्या आजारी मुलासाठी आहे. लांबी बरोबर आहे का बघायला ती मोजा जेम्सच्या पायाला लावते. मोजा आखूड निघतो. बाहेरून पाहिलं तर घडतं ते एवढंच, मिनिट-दोन मिनिटांचं काम. पानं मात्र चारच्या आसपास. एरिक आउरबाखने 1946 साली ‘मिमेसिस’ या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण याच मोज्यावर लिहिलं, त्यामुळे हा उतारा अभ्यासक्रमांत हमखास भेटतो. त्याचे तुकडे मी असे पाडतो:

| काय घडतं किंवा सांगितलं जातं | कुठल्या काळात | कोणाच्या नजरेतून |
|---|---|---|
| जेम्सला उभं राहायला सांगणं, बाहेरून जाणारी लिली आणि पाहुणा बँक्स यांच्याकडे पाहणं | आत्ता | मिसेस रॅम्झी |
| मोजा पायाला लावणं, ‘नीट उभा राहा’ | आत्ता | निवेदक, मग जेम्स |
| खोलीतल्या मोडक्या खुर्च्या, दर उन्हाळ्यात घर जास्तच कळकट होत जाणं | आत्ताची नजर, बरीच वर्षं | मिसेस रॅम्झी |
| स्विस मोलकरीण, घशाच्या कर्करोगाने मरत असलेले तिचे वडील | काल रात्र | मिसेस रॅम्झी |
| मोजा आखूड आहे | आत्ता | मिसेस रॅम्झी |
| इतकं दुःखी कोणी कधी दिसलं नाही, असं एक वाक्य आणि एक अश्रू | काळ सांगता येत नाही | कोणाची नजर हे सांगता येत नाही |
| बँक्स तिच्याशी फोनवर बोलतो, मग खिडकीतून हॉटेलचं बांधकाम पाहतो | कधीतरी पूर्वी, दुसऱ्या जागी | बँक्स |
| जेम्सच्या कपाळाचा मुका, कापायला दुसरं चित्र शोधू | आत्ता | निवेदक |

आता पहिला प्रश्न: याला विराम म्हणायचं का? बरेच जण म्हणतात, कारण ‘कथा थांबली’. पण कथा थांबलेली नाही. मिसेस रॅम्झी विचार करते आहे आणि विचार करणं हीही कथेतली घटनाच आहे, तिला वेळ लागतो. विराम म्हणायचा तर कथेतल्या कोणाच्याही मनात काही चाललेलं नसावं, निवेदकच आपल्या पदरचं वर्णन करत असावा. इथे खुर्च्यांचं वर्णन निवेदकाचं नाही, तिच्या नजरेचं आहे. म्हणून हा ताण आहे: मनात झर्रकन येऊन गेलेलं सांगायला निवेदकाला पान लागतं. बँक्सच्या फोनचं मात्र वेगळं आहे. तो या खोलीत कोणालाच आठवत नाही. बँक्स तर त्या वेळी बाहेर हिरवळीवर लिलीबरोबर आहे. तो तुकडा निवेदक आपल्या अधिकारात मध्ये आणतो, आणि तेवढा वेळ मोज्याचा प्रसंग खरोखर थांबतो.

एका प्रकरणात ताण आणि विराम दोन्ही सापडले आणि ते का वेगळे हे सांगता आलं की निम्मा निबंध झाला. नजर कोणाची आहे हा रकाना टेबलात नसता तर हा फरक दिसलाच नसता. वेग ठरवताना तो रकाना मी कधीच वगळत नाही.

वाक्याच्या आतला वेग

दुसऱ्या भागाचं तिसरं प्रकरण वाचा. पानभर रात्र, वारा, समुद्र, झाडांची पानं. त्याच्या शेवटी चौकोनी कंसात एक मजकूर आहे. एका अंधाऱ्या सकाळी मिस्टर रॅम्झी बोळातून धडपडत जाताना हात पसरतात, पण आदल्या रात्री मिसेस रॅम्झी अचानक वारल्यामुळे हात रिकामेच राहतात. 120 पानं जिच्याभोवती फिरली ती बाई कंसात, तेही उपवाक्यात, गेली.

इथे ‘लोप’ असं लिहून पुढे जाऊ नका. मृत्यू सांगितलेला आहे, म्हणजे लोप नाही. सारांश म्हणावा तर सारांशाला निदान मुख्य वाक्य मिळतं. इथे मुख्य क्रियापद हात पसरण्याचं आहे आणि मृत्यू हे हात रिकामे राहण्याचं कारण म्हणून आलाय. निवेदनाने मृत्यूची वेळही (आदली रात्र) दुसऱ्या क्षणाच्या (सकाळ) आधाराने सांगितली आहे. म्हणजे ही एकाच वेळी अतिवेगवान नोंद आहे आणि एका रात्रीचा छोटा फ्लॅशबॅकही. मृत्यूच्या क्षणी निवेदक तिथे नव्हता, तो दुसऱ्या दिवशी पोचला. काळ आणि व्याकरण एकत्र वाचायचे म्हणतात ते हे.

एक व्यावहारिक सूचना. हे वाक्य उद्धृत करणार असाल तर आवृत्ती सांगा. कादंबरी 1927 साली ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत एकदमच निघाली, आणि नेमकं हे वाक्य दोन्हीकडे वेगळं छापलं आहे. वर्गात एकाकडे एक पुस्तक आणि दुसऱ्याकडे दुसरं असलं की वाद होतो आणि दोघंही बरोबर असतात.

असेच कंस रॅम्झींच्या मुलीच्या, प्रूच्या, लग्नाला, तिच्या बाळंतपणातल्या मृत्यूला आणि फ्रान्समध्ये तोफगोळ्याने मेलेल्या त्यांच्या मुलाला, अँड्र्यूला, मिळतात. ते सगळे एका यादीत मांडा आणि प्रत्येकाच्या आगेमागे काय आहे ते लिहा. घराच्या भिंती, वारा, साफसफाई करणारी मिसेस मॅक्नॅब यांना पानं मिळतात, माणसांच्या जन्म-मरणाला ओळी. कथनाने वेळ कोणाला दिला आणि कोणाला नाकारला याची ही यादी तुमच्या निबंधाचा कणा होऊ शकते.

फ्लॅशबॅक: कुठून, किती मागे, किती लांब

फ्लॅशबॅकला जेनेत अॅनालेप्सिस म्हणतो. तो सापडला की चार गोष्टी लिहायच्या. तो कुठल्या क्षणाला टांगलेला आहे, म्हणजे कोणत्या ‘आत्ता’मधून मागे गेलो. किती मागे गेलो. मागे गेल्यावर तिथे किती काळ थांबलो. आणि मागे कोणी नेलं, पात्राच्या आठवणीने की निवेदकाने. शेवटची गोष्ट विसरली जाते, कारण सिनेमामुळे फ्लॅशबॅक म्हणजे आठवण असं आपण धरून चालतो. बँक्सचा फोन हा आठवण नसलेला फ्लॅशबॅक आहे हे आपण पाहिलं.

इंग्रजी संहितेत एक भाषिक खूणही असते. मागे जाताना पहिली एक-दोन वाक्यं पूर्णभूतकाळात येतात आणि मग लेखक साध्या भूतकाळात उतरतो. म्हणजे फ्लॅशबॅक कुठे सुरू झाला ते कळतं, पण कुठे संपला ते क्रियापदावरून कळत नाही. परतीची खूण दुसरी कुठली तरी शोधावी लागते: एखादा आवाज, हातातली वस्तू, पुन्हा आलेलं संवादाचं वाक्य. परतीचं वाक्य अधोरेखित करा. ते सापडेना झालं तर तोही निष्कर्षच आहे.

आता तिसऱ्या भागातले फ्लॅशबॅक घेऊ, कारण तिथे ते सगळ्यात दाट आहेत. तुलनेला पहिल्या भागातला एक. बँक्सला आठवतं की फार वर्षांपूर्वी वेस्टमोरलंडच्या रस्त्यावर रॅम्झी काठीने एका कोंबडीकडे आणि तिच्या पिलांकडे बोट दाखवून कौतुक करत होता, आणि त्यानंतर त्यांची मैत्री विरत गेली. हे कादंबरी सुरू होण्याच्या खूप आधीचं, म्हणजे बाह्य फ्लॅशबॅक. पाठ्यपुस्तकातलं सोपं उदाहरण आहे, त्यावर फार वेळ घालवायचा नाही.

तिसऱ्या भागात बोटीत बसलेल्या जेम्सला आठवतं: कोणीतरी त्याच्या शेजारी येऊन उभं राहिलं होतं आणि म्हणालं होतं, पाऊस येईल, दीपगृहावर जाता येणार नाही. हे आपण पहिल्या भागात वाचलेलं आहे. म्हणून हा पुनरावर्ती फ्लॅशबॅक आहे, आणि अशा वेळी करायची गोष्ट एकच: दोन्ही जागा शेजारी ठेवून फरक शोधायचा. पहिल्या भागात निवेदन आई, वडील आणि मुलगा तिघांच्या मनांत फिरत होतं. आता फक्त मुलगा उरला आहे, आणि आठवणीत शेजारी उभं राहणारं माणूस त्याला आधी नाव-चेहऱ्याशिवाय दिसतं.

लिलीचं वेगळं. चित्र काढताना तिला समुद्रकिनाऱ्यावरचा एक दिवस आठवतो: मिसेस रॅम्झी खडकाशी बसून पत्रं लिहिते आहे, आणि एरवी लिलीला नकोसा वाटणारा पाहुणा चार्ल्स टॅन्स्ली तिच्याबरोबर पाण्यावर दगड उडवत हसतो आहे. हा प्रसंग पहिल्या भागात नाही. हा भर घालणारा फ्लॅशबॅक आहे, आधी सोडलेली जागा नंतर भरणारा. तो बाह्य की अंतर्गत, असं कोणी विचारलं तर ठरवता येत नाही, कारण किनाऱ्यावरचा दिवस पहिल्या भागातल्या संध्याकाळच्या आधीचा की नंतरचा हे संहिता सांगत नाही. ‘ठरवता येत नाही, कारण…’ हे वाक्य लिहायला घाबरू नका. जबरदस्तीने एका खान्यात टाकलेलं उदाहरण तोंडी परीक्षेत सगळ्यात आधी कोसळतं.

आणि मग सापळा. लिलीला पहिल्या भागात पाहुणे असलेल्या पॉल आणि मिंटा रेली यांचं फसलेलं लग्न दिसतं: पहाटे घरी आलेली मिंटा, जिन्यावर भांडण, पुढे पॉलची दुसरी बाई. दहा वर्षांच्या रिकाम्या जागेतला हा सगळ्यात सविस्तर फ्लॅशबॅक. विद्यार्थी तो कालपटात घटना म्हणून नोंदवतात. पण जरा पुढे वाचा. यातलं अक्षरही खरं नाही, आपण हे रचलं, आणि आपण त्यांना ओळखतो ते अशाच रचलेल्या प्रसंगांवरून, असं लिली स्वतःच मनात म्हणते. म्हणजे कालपटात ‘रेलींचं लग्न बिनसलं’ एवढंच जाईल, आणि जिन्यावरचं भांडण ‘लिलीची कल्पना’ या नावाने वेगळ्या रकान्यात. फ्लॅशबॅकच्या प्रत्येक नोंदीसमोर ‘घडलं / आठवलं / रचलं’ यातलं काय ते लिहिण्याची सवय लावली तर ही चूक होत नाही.

वेग आणि फ्लॅशबॅक एकत्र वाचा

बहुतेक निबंधांत वेगाचा एक परिच्छेद असतो आणि फ्लॅशबॅकचा एक, आणि दोघांची गाठ पडत नाही. खरा युक्तिवाद त्या गाठीतच असतो. आपल्या टेबलाला एक प्रश्न विचारा: दुसऱ्या भागाने जे झटक्यात उरकलं, ते तिसऱ्या भागातले फ्लॅशबॅक भरून काढतात का?

नोंदी चाळल्या की चित्र असं दिसतं. लिलीच्या आठवणी पुन्हा पुन्हा दहा वर्षांच्या पलीकडे, मिसेस रॅम्झी जिवंत असतानाच्या काळात उतरतात. मधल्या दहा वर्षांतलं थोडंसं येतं: युद्धाच्या काळात सभेत बोलणारा टॅन्स्ली, अँड्र्यू गेल्यावर कारमायकेलचं जगण्यातलं मन उडालं अशी ऐकीव गोष्ट, रचलेलं रेली दांपत्य. मिसेस रॅम्झीच्या मृत्यूच्या बातमीनंतर ती शेतांमधून निघून जाताना दिसली, असा लिलीच्या मनातला भासही येतो. पण ती रात्र, ती खोली, तो आजार? तिकडे कोणाचीही आठवण जात नाही. कंसातला मजकूर कंसातच राहतो.

आता तिसऱ्या भागाचा वेग पुन्हा पाहा. सकाळच्या पाच तासांना 65 पानं का लागली? हिरवळीवर ब्रश चालतो आणि समुद्रावर बोट सरकते, एवढंच बाहेर घडतं. बाकी पानं आठवायला लागली. आठवणं हीही कथेतली घटना असल्यामुळे त्याचा वेळ या सकाळच्याच हिशेबात जमा होतो. म्हणजे फ्लॅशबॅकमुळे तिसरा भाग मंद झाला आहे, आणि तो मंदपणा हरवलेल्या बाईला पुन्हा वेळ देण्याकडे खर्च होतो, तिच्या मृत्यूला नव्हे. हे विधान पटेल किंवा पटणार नाही, पण ते खोडायचं तर समोरच्याला पान क्रमांक घेऊन यावं लागेल. विश्लेषणाला एवढंच पुरे.

लिहिताना परिच्छेद असा बांधता येतो: ‘दुसऱ्या भागात मिसेस रॅम्झीच्या मृत्यूला एका कंसातलं उपवाक्य मिळतं (पृ. …). तिसऱ्या भागात लिली तिला निदान इतक्या वेळा आठवते (पृ. …, …, …), पण यातली एकही आठवण त्या रात्रीपर्यंत पोचत नाही. भर घालणारे फ्लॅशबॅक मृत्यूची जागा टाळून त्याच्या अलीकडे-पलीकडे भर घालतात. तिसऱ्या भागाचा मंद वेग (सुमारे पाच तासांना 65 पानं) या आठवणींनीच आलेला आहे.’ आधी निरीक्षण, मग त्याची जागा, मग दोन निरीक्षणांमधला संबंध. जेनेतची संज्ञा एका परिच्छेदात एक-दोनदा आली तर पुष्कळ. दर ओळीला आली की परीक्षकाला समजतं, पुस्तक पाठ आहे पण कादंबरी वाचलेली नाही.

दुसरी कादंबरी घेताना

ही पद्धत मराठी कादंबरीला लावताना एक-दोन गोष्टी बदलतात. प्रथमपुरुषी निवेदन असेल, म्हणजे ‘मी’ आपलीच जुनी हकीकत सांगत असेल, तर संपूर्ण कादंबरीच एका अर्थी मागे वळून सांगितलेली असते. तिथे आधी ठरवा की सांगणारा ‘मी’ कुठल्या दिवशी बसून सांगतो आहे आणि तो दिवस संहितेत येतो का. तो येत नसेल तर प्रत्येक जुन्या प्रसंगाला फ्लॅशबॅक म्हणू नका. पहिल्या सलग कथेच्याही मागे जाणारा भाग तेवढा फ्लॅशबॅक. दुसरं, दरवर्षी, नेहमी, सवयीने घडणाऱ्या गोष्टी मराठीत ‘जायचो’, ‘बसायचे’, ‘म्हणायची’ अशा रूपांत येतात. ही रूपं पेन्सिलने वर्तुळात घ्या. एकदाच सांगून अनेकदा घडलेलं सुचवणारी ही जागा आहे, आणि ‘एकदा मात्र’ असं म्हणून त्यातून एकच दिवस बाहेर निघतो तिथे वेग बदलतो.

वेळ कमी असेल तर सगळी कादंबरी मोजू नका. कालपट आणि भागवार वेग एका संध्याकाळी होतात. मग वेग सगळ्यात जोरात बदलतो अशी एक जागा आणि फ्लॅशबॅक सगळ्यात अडचणीचा आहे अशी एक जागा निवडा, आणि फक्त त्या दोन जागांची ओळवार टेबलं करा. दहा पानांच्या निबंधाला दोन टेबलं पुरून उरतात.